‘दिवाळी पहाट’खाली ‘बडोदा’: ब्रशच्या अक्षरात एक शब्द वाढवताना दाब आणि जाडी कशी जुळवायची

भाद्रपदात दांडिया बाजारातल्या एका मंडळासाठी मी ‘दिवाळी पहाट’ ही अक्षरं ब्रशने लिहून दिली होती. गोल टोकदार ब्रश, काळी शाई, जाड हातकागद, शब्द एकाखाली एक. नवरात्र संपता संपता मंडळातल्या काकूंचा फोन आला. “अक्षरं सगळ्यांना आवडलीत रे. फक्त ‘पहाट’च्या खाली ‘बडोदा’ हवंय. पत्रिका यंदा पुण्या-मुंबईलाही जाणार आहेत. एकच तर शब्द आहे.”

मलाही ते तसंच वाटलं. तोच ब्रश काढला, तीच बाटली उघडली आणि दहा मिनिटांत ‘बडोदा’ लिहून टाकलं. एकेक अक्षर सुटं पाहिलं तर त्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. मूळ कागदाच्या खाली धरलं आणि कळलं की हा शब्द या घरातला नाही. वरचे दोन शब्द बोलत होते आणि खालचा ओरडत होता.

मोजल्यावर कारणं सापडली. मूळ अक्षरांतले काने सव्वापाच ते पावणेसहा मिलिमीटर जाडीचे होते, माझे नवे काने साडेसहाच्या पुढे गेले होते. कान्याचा पाय मुळात सरळ तुटलेला होता, नव्यात तो किंचित उजवीकडे वळला होता. बडोद्यात वाढलेल्या आम्हा लोकांचा हात दिवसभर गुजराती लिहितो, आणि गुजराती ‘બ’ किंवा ‘પ’ची उभी रेघ खाली उजवीकडे वळते. ती वळण घेण्याची सवय बेसावध क्षणी देवनागरीत उतरते. तिसरं कारण म्हणजे मूळ अक्षरांच्या कडा थोड्या मऊ होत्या आणि नव्या अक्षरांच्या सुरीने कापल्यासारख्या.

दुसऱ्यांदा मी हे काम ज्या क्रमाने केलं, तो क्रम इथे मांडतो.

आधी मूळ अक्षरं वाचायची

वाचायची म्हणजे ती कशी लिहिली गेली ते शोधायचं. कागद खिडकीपाशी तिरका धरा. ब्रशच्या शाईत जिथे एक रेघ दुसरीवरून जाते तिथे थर दुप्पट होतो आणि तिरक्या उजेडात किंचित चमकतो. त्यावरून कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर हे कळतं. माझ्या कागदावर प्रत्येक कान्याच्या डोक्यावर अशी चमक होती, म्हणजे शिरोरेषा शेवटी, अक्षरांवरून, एका ओढीत दिलेली होती. हे महत्त्वाचं, कारण शिरोरेषा आधी दिली तर काना तिच्या खालून सुरू होतो आणि हात तिथे अडखळतो. कान्याच्या डोक्याशी दाब वेगळा पडतो. क्रम बदलला की जाडीही बदलते, मग कितीही मोजा.

दुसरी गोष्ट शाईची. ‘पहाट’मध्ये ‘प’ गच्च काळा आहे, ‘हा’ बरा भरलेला आहे आणि ‘ट’च्या पोटात कागदाचे बारीक पांढरे दाणे दिसतात. म्हणजे एकदा बुडवलेल्या ब्रशात तीन अक्षरं झाली आणि शेवटी तो सुकत आला. ‘बडोदा’तही तीन अक्षरं आहेत. तेव्हा तोही एकाच बुडवणीत व्हायला हवा आणि ‘दा’ किंचित कोरडा पडायला हवा. मधे ब्रश पुन्हा बुडवला तर ‘दा’ ओला, फुगलेला येईल आणि लगेच डोळ्यांत भरेल.

जाडी मोजायची पट्टी

मोजपट्टीने ब्रशची रेघ मोजणं कठीण जातं, कारण तिच्या कडा सरळ नसतात. त्यापेक्षा पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर बारीक पेनने गोल काढून घ्या: तीन मिलिमीटरपासून सातपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जाणारे. तुकडा अक्षरावर सरकवा. जो गोल रेघेच्या दोन्ही कडांना टेकेल तो त्या जागेचा आकडा. गोलाईवर, तिरक्या रेघेवर, कुठेही हे चालतं.

सगळीकडे मोजत बसू नका. चार जागा पुरतात: कान्याचा मध्य, शिरोरेषेचा मध्य, गोलाईचा सर्वांत जाड भाग आणि रेघ सुटते ते टोक. ‘दिवाळी पहाट’मध्ये उभ्या रेघा सहा आहेत. ‘दि’ची, ‘वा’मधल्या दोन, ‘ळी’ची, ‘प’ची आणि ‘हा’ची. मला त्या ५.२ पासून ५.८ पर्यंत मिळाल्या. अर्ध्या मिलिमीटरच्या खालचा भाग अंदाजाचा, पण पट्टीची सवय झाली की तो अंदाज चुकत नाही. शिरोरेषा ३.५, गोलाईचं पोट ६ आणि सुटतं टोक एकाच्या आसपास. कान्याची उंची ३० मिलिमीटर होती.

या सहा आकड्यांची सरासरी काढून तीनही नव्या उभ्या रेघा बरोबर ५.५ च्या करायच्या, असा मोह होतो. तो टाळा. संगणकातला मंगल हा र. कृ. जोशींचा फाँट पाहा. त्यातला काना हजार वेळा आला तरी हजार वेळा तसाच येतो आणि छापील मजकुराला तेच हवं. हाताच्या अक्षरात दोन काने तंतोतंत सारखे नसतात, आणि डोळा नेमकं तेच ओळखतो. नव्या रेघा ५.२ ते ५.८ च्या आत पडल्या म्हणजे झालं. मूळचा काना उचलून नव्या शब्दात चिकटवणंही याच कारणाने फसतं. जुळे काने शेजारी आले की ते जुळे आहेत हे कुणालाही दिसतं.

दाब शिकायचा स्वयंपाकघरातल्या काट्यावर

टोकदार ब्रशमध्ये जाडी येते ती केसांचा किती भाग कागदावर टेकतो त्यावरून. टोक टेकलं तर रेघ बारीक, पोटापर्यंत दाबलं तर जाड. (चपट्या ब्रशचं गणित निराळं आहे. तिथे जाडी मुख्यतः ब्रश कोणत्या कोनात धरला आहे त्यावर ठरते आणि दाबाला फार वाव नसतो. हा लेख टोकदार ब्रशपुरता आहे.) हा दाब सांगता येत नाही, हातालाच कळावा लागतो. पण हाताला तो लवकर शिकवता येतो.

पोळ्यांचं पीठ मोजायचा डिजिटल काटा घ्या. त्यावर त्याच कागदाचा तुकडा ठेवा आणि आकडा शून्य करा. शाईत बुडवलेल्या ब्रशने तुकड्यावर सावकाश लहान रेघ ओढा आणि काट्याकडे पाहा. माझ्या आठ नंबरच्या ब्रशला साडेपाच मिलिमीटरच्या रेघेसाठी पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास दाब लागला, शिरोरेषेच्या साडेतीनसाठी वीसच्या आसपास. तुमच्या ब्रशला हे आकडे लागू पडणार नाहीत, केसांचा ताठपणा प्रत्येकाचा वेगळा असतो. आकडा पाठ करण्यासाठी हा खटाटोप नाहीच. पंधरा-वीस रेघा काट्यावर ओढल्या की मनगटाला पंचेचाळीस म्हणजे काय ते समजतं. मग काटा बाजूला ठेवून टेबलावर रेघा ओढा आणि पट्टीने तपासा. पाचातल्या चार रेघा हद्दीत आल्या की पुढे जायचं.

दाबाइतकाच वेग धरून ठेवायला हवा. तोच दाब ठेवून हात भरभर चालवला तर शाई कागदात उतरायला वेळ मिळत नाही, रेघ अंगाने बारीक आणि कोरडी होते. रेंगाळलात तर ती पसरते. मूळ कान्याच्या कडा गुळगुळीत आणि पाय स्वच्छ तुटलेला असेल तर तो बेताच्या वेगाने, न थांबता आलेला आहे. मी काना ओढताना मनात “एक, दोन” म्हणतो आणि दोनला ब्रश सरळ वर उचलतो. सरळ वर, हेच महत्त्वाचं. उचलता उचलता हात उजवीकडे गेला की तोच गुजराती पाय उमटतो.

नव्या अक्षरांचे नातेवाईक शोधायचे

आता खरं काम. ‘बडोदा’तलं कोणतं अक्षर मूळ शब्दांत आहे? ‘द’ आहे, ‘दि’मध्ये. काना आहे. ‘ब’, ‘ड’ आणि मात्रा नाहीत. जे नाही ते मनाने काढायचं नाही, जे आहे त्यातून घडवायचं.

‘ब’चा सख्खा नातेवाईक ‘व’. गोल आणि काना तसेच्या तसे, आत फक्त एक तिरकी रेघ जास्त. चूक त्या रेघेतच होते. ती कान्याच्या जाडीने दिली तर ‘ब’चं पोट बुजतं आणि अक्षर काळा ठिपका वाटतं. ‘व’च्या पोटात जेवढं पांढरं आहे त्यातलं निम्मं तरी ‘ब’मध्ये उरायला हवं, म्हणून ही रेघ मी अडीच-तीन मिलिमीटरची ठेवली आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्याचे जवळपास सारखे तुकडे सोडले. गोल किंचित मोठा केला, दीड मिलिमीटरने. उरलेलं सगळं ‘व’चंच.

‘ड’ला दोन नातेवाईक आहेत. वरचा अर्धा भाग म्हणजे शिरोरेषेखालचा छोटा दांडा आणि उजवीकडे उघडी गोलाई, हे ‘ट’सारखं, फक्त लहान. खालचा अर्धा भाग उलटा वळतो, उजवीकडे फुगून डावीकडे उघडतो. तसं वळण ‘ह’च्या मधल्या फुगवट्यात सापडतं. या दोन गोलाया जिथे एकमेकींत मिसळतात तिथे ब्रशची दिशा बदलते, केस एका बाजूकडून दुसरीकडे कलंडतात आणि नवखा हात नेमका तिथे दाबतो. त्या जागी गाठ येते. मूळच्या ‘ह’मध्ये पाहिलं तर अशा वळणावर जाडी पोटापेक्षा कमी, चारच्या आसपास होती. म्हणजे वळताना हात हलका झाला होता. ‘ड’ लिहिताना मीही तिथे दाब सोडला, वळलो आणि पुढे पुन्हा भरला. या एका अक्षरावर माझे वीस-पंचवीस कागद गेले, ‘ब’वर पाच.

मात्रेसाठी ‘ळी’ची वेलांटी पाहिली. ‘दि’ची ऱ्हस्व वेलांटी कान्यावरून उजवीकडे, अक्षरावर झुकते, दीर्घ वेलांटी कान्यावरून डावीकडे. मात्राही कान्याच्या डोक्यापासून डावीकडे वर जाते, म्हणून दीर्घ वेलांटीच जवळची. तिचं वरचं टोक किती बारीक सुटतं, शिरोरेषेला मिळताना ती किती जाड आहे आणि शिरोरेषेपासून किती उंच जाते, एवढ्या तीन गोष्टी तिथून घेतल्या. आकार मात्रेचा स्वतःचा.

‘द’ तयार मिळाला म्हणून तो गिरवायला जाऊ नका. गिरवताना हात हळू चालतो आणि कडा थरथरतात. मूळ ‘दि’ समोर ठेवून मोकळ्या हाताने लिहा.

जागा आखणं

मूळ कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर फक्त रेघा घ्या: ‘पहाट’ची शिरोरेषा, कान्यांचे पाय जिथे संपतात ती रेघ आणि प्रत्येक कान्याचा कल. माझी शिरोरेषा उजवीकडे जाताना थोडी चढत होती, शंभर मिलिमीटरमध्ये दोन मिलिमीटर. काने डावीकडे किंचित झुकलेले होते. नव्या शब्दाची शिरोरेषा पट्टीने आडवी सपाट आखली असती तर वरच्या चढणाऱ्या रेषेखाली ती घसरलेली वाटली असती. तोच चढ खालीही ठेवला.

दोन ओळींतल्या अंतराची इथे खास अडचण होती. ‘ह’ची शेपटी खाली लोंबते आणि ‘डो’ची मात्रा वर उठते. ‘बडोदा’ जर ‘पहाट’च्या बरोबर खाली, डाव्या कडेला कड लावून लिहिला, तर मात्रा नेमकी त्या शेपटीत अडकते. शब्द आठ मिलिमीटर उजवीकडे सरकवल्यावर मात्रा ‘हा’च्या कान्याखालच्या मोकळ्या जागेत बसली. ही तडजोड लिहायच्या आधी ट्रेसिंगवर करा, नंतर संगणकात सरकवता येतं म्हणून सोडून देऊ नका. कारण अंतर कमी पडलं की माणूस शब्द लहान करायला जातो.

आणि शब्द लहान-मोठा करणं हीच या कामातली सर्वांत महाग चूक आहे. शब्द ऐंशी टक्के केला की साडेपाचचा काना ४.४ चा होतो, शिरोरेषा २.८ ची, कडांचं खडबडीतपण आणि कोरड्या ब्रशचे दाणेही बारीक होतात. शेजारच्या शब्दाशी मग काहीच जमत नाही. म्हणून पहिल्यापासून मूळच्याच मापात लिहा. नवा शब्द मुळातच लहान हवा असेल, उपशीर्षकासारखा, तर लहान ब्रशने त्या मापात लिहा. कान्याची उंची आणि जाडी यांचं मूळचं प्रमाण तेवढं सांभाळा. माझ्या बाबतीत ते साडेपाचास एक होतं.

कागद, शाई आणि हवा

कागद त्याच गठ्ठ्यातला हवा आणि बाजूही तीच. हातकागदाची एक बाजू बहुधा जास्त खरखरीत असते. चुकून दुसऱ्या बाजूवर लिहिलं तर कोरड्या ब्रशचे दाणे वेगळेच उमटतात. बाटलीतली शाई दोन महिन्यांत थोडी दाट होते. मूळ कागदाच्या वेळी सोडलेल्या रेघांचा तुकडा जपला असेल तर त्याच्या शेजारी नवी रेघ ओढून तिचा काळेपणा आणि पसरणं जुळेपर्यंत थेंब-थेंब पाणी घाला.

माझ्या कडा सुरीसारख्या आल्या त्या हवेमुळेही. भाद्रपदात बडोद्यात हवा दमट असते, हातकागद ओलावा धरून मऊ पडतो आणि शाई कडेला थोडी पसरते. आश्विनातल्या कोरड्या उन्हात तोच कागद कडक झाला होता. मी कागद एका रात्रीपुरता डब्यात ठेवला. डब्यात एका वाटीत ओला कपडा होता, कागदाला न लागेल असा. सकाळी कागद बोटाला मऊ लागला आणि कडा मूळच्या जवळ आल्या. कागदावर पाणी शिंपडू नका, डाग पडतो आणि शाई झाडाच्या मुळांसारखी फुटते.

सरावाचे कागद पुरे झाले की सलग दहा-बारा वेळा पूर्ण शब्द लिहा. सुटी अक्षरं निवडून शब्द जोडू नका, शाईचा ओला-कोरडा क्रम त्यात तुटतो. त्या बारांतून एक शब्द निवडताना आधी पट्टी लावा आणि मग मूळ व नवा दोन्ही कागद उलटे करून, डोकं खाली पाय वर, लांबून पाहा. उलटं धरलं की शब्द वाचता येत नाही, फक्त काळं-पांढरं दिसतं, आणि एखादी जागा जास्त काळी असेल तर ती लगेच टोचते. माझ्या निवडलेल्या शब्दात ‘ड’चं वळण किंचित जड होतं, पण हद्दीत होतं. तो मी तसाच ठेवला.

स्कॅन करताना जाडी पुन्हा बिघडू शकते

एवढं करून दोन्ही कागद वेगवेगळ्या वेळी स्कॅन केले तर मेहनत वाया जाते. शाईची कड खरं तर काळ्यातून पांढऱ्यात काही करड्या ठिपक्यांनी उतरते. चित्र निव्वळ काळं-पांढरं करताना त्या करड्यातलं किती काळं धरायचं हे एक मर्यादा ठरवते. ६०० डीपीआयवर एक ठिपका ०.०४ मिलिमीटरचा असतो. मर्यादा बदलल्याने दोन्ही कडांना चार-चार ठिपके वाढले तर काना तीन दशांश मिलिमीटरने जाड होतो, आणि आपली सगळी हद्दच सहा दशांशची आहे. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून एकाच वेळी, ६०० डीपीआयवर, करड्या रंगात स्कॅन करा. स्कॅनरची आपोआप कडा धारदार करण्याची सोय बंद ठेवा. शब्द जागेवर बसवून झाल्यावरच पूर्ण चित्र एकदम काळं-पांढरं करा.

टॅबलेटवर लेखणीने शब्द वाढवायचा असेल तरी तीच मापं लागतात. ६०० डीपीआयवर साडेपाच मिलिमीटर म्हणजे १३० ठिपके, आणि एक-सव्वा मिलिमीटरचं सुटतं टोक म्हणजे साधारण २८. म्हणजे ब्रशचा आकार १३० आणि सर्वांत कमी दाबाला त्याचे बावीस टक्के. Krita या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशच्या Size खाली Pressure चा वक्र मिळतो, त्याची सुरुवात तळाला न ठेवता तेवढी वर उचलायची. पण काचेवरच्या कडक टोकाला केस नसतात. खऱ्या ब्रशमध्ये हात वळला तरी केस क्षणभर मागे रेंगाळतात, म्हणून जाडी सावकाश बदलते, तर लेखणीत ती तत्क्षणी बदलते. ‘ड’च्या वळणावर हा फरक सगळ्यात जास्त दिसतो. मूळ अक्षरं हाताची असतील तर नवा शब्दही हातानेच लिहावा, असं माझं ठाम मत आहे.

एका परिस्थितीत मात्र मी हे काम हातात घेत नाही. मूळ कागद हरवला आहे आणि फोनवर फिरून आलेलं लहानसं चित्र तेवढं उरलं आहे, अशा वेळी. त्यात कडा विरघळलेल्या असतात, पट्टी कुठे टेकवायची तेच कळत नाही, शिरोरेषा आधी की नंतर हेही दिसत नाही. अशा वेळी तीनही शब्द नव्याने, एका बैठकीत लिहिणं कमी वेळाचं ठरतं.

काकूंना पत्रिकेचा नमुना दाखवला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि विचारलं, “मग तू सगळं परत लिहिलंस का?” मी नाही म्हटलं. घरी येऊन मूळ कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं: ब्रश आठ नंबर, शाईत पाण्याचे सहा थेंब, काना ५.२ ते ५.८, शिरोरेषा शेवटी. त्याच शाईच्या चार रेघांचा तुकडाही पाकिटात घालून सोबत ठेवला.